कपाशीचा सल्ला चार ओळींत आणताना

कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो छोटा करून गावच्या ग्रुपवर टाकताना आकडे बहुधा शाबूत राहतात, पण त्यांच्यामागची अट गळते. गुलाबी बोंडअळीचा सल्ला घ्या. त्याचा आशय साधारण असा असतो : पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळल्यास, किंवा १० टक्के फुलांत वा हिरव्या बोंडांत प्रादुर्भाव असल्यास, प्रोफेनोफॉस ५० ईसी २० मिली किंवा थायोडीकार्ब ७५ डब्ल्यूपी २० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे.

‘जुलैत सापळे लावा’ असे लिहिले की निम्म्या गावाचे चुकते. ठिबकवर २० मेला लावलेल्या कपाशीचे ४५ दिवस ४ जुलैला भरतात, तर २५ जूनच्या कोरडवाहूचे ९ ऑगस्टला. म्हणून महिना नको, पेरणीपासूनचे दिवसच लिहा.

‘८ पतंग दिसले की फवारा’ हेही अपुरे. एका रात्रीचे ८ पतंग किंवा तीन रात्री मिळून ८ पतंग ही पातळी नव्हे. बोंडे तपासण्याची रीत सोपी आहे. वेगवेगळ्या झाडांवरून २० हिरवी बोंडे तोडून फोडा. दोनांत अळी निघाली तर १० टक्के झाले. फुलांत न उमललेली, पाकळ्या गुंडाळलेली डोमकळी मोजा. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजते आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणूनच वेळेला इतके महत्त्व.

सर्वात घातक चूक ‘किंवा’ गाळण्याची आहे. मध्ये स्वल्पविराम पडला की वाचणारा दोन्ही औषधे एकाच पंपात ओततो. ‘प्रति १० लिटर’ गेले तरी असेच होते : १५ लिटरच्या पंपाला ३० मिली लागते, पण टाकले जाते २०. सल्ल्यातले प्रमाण साध्या पंपाचे असते. एकरी २०० लिटर पाण्याला औषध ४०० मिली होते. पेट्रोल पंपाला पाणी साधारण तिसरा हिस्सा लागते, म्हणून दर १० लिटरला मात्रा तिप्पट. एकरी औषध तेवढेच राहते.

तर ग्रुपवर एवढे जावे :

‘पेरणीला ४५ दिवस झाले की एकरी २ कामगंध सापळे. फवारणी केव्हा : सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग, किंवा २० पैकी २ बोंडांत अळी, किंवा १०० पैकी १० फुले डोमकळी. साध्या पंपाला १० लिटर पाण्यात प्रोफेनोफॉस २० मिली किंवा थायोडीकार्ब २० ग्रॅम, दोन्हींपैकी एकच. पेट्रोल पंपाला तिप्पट.’

खाली सल्ल्याची तारीख टाका, कारण त्यातला पावसाचा अंदाज पाचच दिवसांचा असतो.