खिडकीच्या फटीला सिलिकॉन की पीयू?

“सिलिकॉन सगळीकडे चालतं ना? खिडकीच्या बाहेरच्या फटीतही तेच भरू?”

सिंकभोवती बुरशीरोधक सिलिकॉनच भरा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. पण रंगवायच्या बाहेरच्या भिंतीत ते नकोच, त्यावर रंग धरत नाही. तिथे फट बुजवायचं पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे पीयू.

आधीचं सिलिकॉन पूर्ण खरवडा. त्याच्या उरलेल्या थरावर पीयू सुटतं. फट ओली असेल तर पीयूत बुडबुडे येतात, म्हणून पावसानंतर थांबा. 20 मिमी रुंद फटीत फोमची दोरी दाबून 10 मिमी खोली ठेवा, म्हणजे सीलंट तळाला न चिकटता दोन्ही कडांमध्ये ताणलं जातं. सिमेंटच्या कडांना प्रायमर लावा. पीयू दिवसाला साधारण 2-3 मिमीच वाळतं. रंगाची घाई करू नका.