गटाचा क्यूआर आणि गिऱ्हाईकाने पाठवलेला क्यूआर

स्टॉलवर आगळाच्या बाटल्यांशेजारी ठेवलेला आपल्या गटाचा क्यूआर आणि अनोळखी गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला क्यूआर, दिसायला दोन्ही सारखेच काळे-पांढरे चौकोन. पण क्यूआर म्हणजे खात्याचा पत्ता. ज्याचा क्यूआर, त्याच्या खात्यात पैसे पोचतात. जो स्कॅन करतो, त्याच्या खात्यातून जातात. गटाचा क्यूआर गिऱ्हाईक स्कॅन करतं तेव्हा पैसे आपल्याकडे येतात. त्याचा क्यूआर आपण स्कॅन केला, तर देणाऱ्या आपणच.

समजा, देवगडच्या एका गटातल्या वहिनींना फोन येतो: "ताई, कोकम आगळाच्या वीस बाटल्या हव्यात, मुंबईला पाठवा." दीडशेप्रमाणे तीन हजार झाले. तो घासाघीस करत नाही, उलट आगाऊ रक्कम देतो म्हणतो. मग क्यूआरचं चित्र येतं, त्यावर लिहिलेलं असतं, "तीन हजार मिळवण्यासाठी स्कॅन करा". चित्रावर काय लिहायचं ते त्याच्या हातात असतं. स्कॅन केल्यावर मात्र ॲप खरं सांगतं: एक अनोळखी नाव, ₹3000 आणि पैसे देण्याचं बटण. त्यापुढे पिन मागितला जातो. फोनवरचा माणूस घाई करतो ती नेमकी इथे: "पिन टाका, लगेच जमा होतील." वहिनींनी टाकला, तर तीन हजार गेले. मग "चुकून उलटं झालं, परत देतो" म्हणत तो दुसरा क्यूआर पाठवतो आणि आणखी तीन हजार जातात.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तो लागतो पैसे देताना आणि खात्यातली शिल्लक बघताना. ही दुसरी गोष्ट प्रशिक्षणात बरेचदा राहून जाते, म्हणून मी मुद्दाम सांगते. नाहीतर रोज शिल्लक बघणाऱ्या बाईला पिन टाकणं निरुपद्रवी वाटू लागतं. काही ॲपमध्ये आता पिनच्या जागी बोट किंवा चेहरा चालतो. तोही पिनच समजा.

मग त्या गिऱ्हाईकाला काय सांगायचं? "आमचा क्यूआर पाठवते, त्यावर भरा." खरं गिऱ्हाईक भरतं. त्याने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, तरी आपल्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत बाटल्या बांधू नका.

आपल्या क्यूआरलाही एक धोका आहे. जत्रेत गर्दीत कुणी त्यावर दुसरा कागद चिकटवला, तर दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जाते. सकाळी स्टॉल मांडला की घरच्या कुणाच्या तरी फोनवर स्कॅन करून गटाचंच नाव येतं का, ते पाहा.

पैसे गेलेच, तर लाजेने संध्याकाळच्या बैठकीची वाट बघू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकाला फोन लावा. ॲपमधल्या त्या व्यवहारावर बोट ठेवलं की बारा आकडी क्रमांक दिसतो. तो, रक्कम आणि वेळ कागदावर लिहून तक्रारीत सांगा, आणि तोच कागद घेऊन बँकेच्या शाखेतही जा. चोराने ते पैसे पुढे काढले नसतील, तोवरच ते खात्यात रोखता येतात.