हजेरीच्या वेळी ॲपने तुम्हाला साइटबाहेर दाखवले तर

साइटसाठी आपण नकाशावर एक मध्यबिंदू आणि त्याभोवती एक वर्तुळ ठरवतो, बहुधा 100 मीटर त्रिज्येचे. ‘हजेरी लावा’ दाबले की फोन दोन आकडे पाठवतो: तुम्ही मध्यबिंदूपासून किती लांब आहात आणि त्या अंदाजात किती चूक असू शकते. हजेरीच्या स्क्रीनवर दोन्ही दिसतात. भांडण होते ते बहुतेक वेळा दुसरा आकडा कोणी वाचत नाही म्हणून.

समजा, बेसमेंटमध्ये वायरिंग करणाऱ्याला ॲप म्हणते, ‘अंतर 180 मीटर, संभाव्य चूक 250 मीटर’. तिथे उपग्रहाचा सिग्नल पोहोचत नाही, त्यामुळे फोन मोबाइल टॉवर आणि आसपासच्या वायफायवरून जागा ताडतो. हा माणूस साइटवर असूही शकतो, म्हणून आमचे ॲप त्याला ‘बाहेर’ न म्हणता ‘खात्री नाही’ म्हणते. आकडे ‘अंतर 160, चूक 12’ असते, तर मात्र तो खरोखर वर्तुळाबाहेर आहे किंवा मध्यबिंदूच चुकला आहे.

‘खात्री नाही’ आले तर उघड्या आकाशाखाली या. उंच इमारतीला अगदी खेटून उभे राहू नका. भिंतीवरून परावर्तित झालेला सिग्नल फोनला चकवतो. वायफाय जोडलेले नसले तरी चालू ठेवा. नकाशाचे ॲप उघडून मिनिटभर थांबा. निळ्या ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ आकसत गेले की हजेरी पुन्हा लावा. ते मोठेच राहिले तर फोनच्या सेटिंगमध्ये आमच्या ॲपची लोकेशन परवानगी पाहा: अँड्रॉइडवर `Use precise location`, आयफोनवर `Precise Location` चालू हवे. ते बंद असेल तर फोन मुद्दामच ढोबळ जागा देतो आणि कितीही थांबून उपयोग होत नाही. बॅटरी सेव्हरही तेवढ्यापुरता बंद करा.

तरीही जमले नाही तर ‘जागा चुकली’ दाबा आणि साइटचा एक फोटो जोडा. पहिल्यांदा बटण दाबल्याची वेळ ॲपने नोंदवलेली असते. पर्यवेक्षकाने मान्यता दिली की हजेरी त्याच वेळेपासून धरली जाते. थांबण्यात गेलेली दहा मिनिटे तुमच्या पगारातून जाऊ नयेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

पर्यवेक्षकांना एक विनंती. एकाच कामगाराची जागा चुकत असेल तर त्याचा फोन तपासा. सगळ्यांचीच एकाच दिशेला, जवळपास सारख्याच अंतराने चुकत असेल तर दोष मध्यबिंदूचा आहे. पत्ता टाइप करून साइट नोंदवली की नकाशा पिन पुष्कळदा रस्त्यावर टाकतो आणि काम चालू असते प्लॉटच्या मागच्या टोकाला. तिथे प्रत्यक्ष उभे राहून, संभाव्य चूक 10 मीटरच्या आत आल्यावर ‘मध्यबिंदू इथे ठेवा’ दाबा. त्रिज्या वाढवून हा दोष झाकू नका. शेजारच्या रस्त्यावरूनही हजेरी लागू लागेल.

जागा फक्त हजेरीचे बटण दाबताना तपासली जाते. मधल्या वेळात तुम्ही कुठे होता, हे ॲप पाहत नाही.