आयोडीनच्या वाफेचे दात

काचेच्या बंद नळीत आयोडीनचा एक खडा टाकून नळी जराशी कोमट केली, की आत सुंदर जांभळी वाफ भरते. ही नळी वर्णपटमापकात ठेवून 500 ते 620 नॅनोमीटरपर्यंतचं शोषण मोजायचं, हा बी.एस्सी.च्या पातळीवरचा जुना प्रयोग आहे. दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी आलेख घेऊन माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "सर, यंत्र बिघडलंय. रेघ गुळगुळीत येत नाही, करवतीसारखे दात येताहेत."

मी त्याला एकच काम सांगायचो: नळी तशीच ठेव आणि पुन्हा मोज. दोन्ही आलेख खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले की दातावर दात बसायचा. यंत्राची कुरकुर दर वेळी वेगळ्या जागी उमटते. हे दात मात्र जागचे हलत नाहीत, म्हणजे ते यंत्राचे नाहीत, आयोडीनचे आहेत. उलट यंत्राची फट रुंद ठेवली तर दात नाहीसे होऊन नुसता गोलसर उंचवटा उरतो, आणि विद्यार्थी समाधानाने वहीत "आलेख उत्तम आला" असं लिहून मोकळा होतो. हातातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट नेमकी तेव्हाच निसटलेली असते.

हे दात येतात कुठून? शाळेत आपण शिकतो की इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जातो आणि दोन पातळ्यांतल्या फरकाएवढ्या ऊर्जेचा प्रकाश शोषला जातो. यावरून वाटतं की एका उडीसाठी एकच रेघ दिसायला हवी. सुट्या अणूसाठी हे ठीक आहे. पण आयोडीनच्या रेणूत दोन अणू एका बंधाने जोडलेले आहेत आणि तो बंध सतत आखडतो, ताणला जातो. या कंपनाची ऊर्जा कितीही असून चालत नाही. तिला जिन्यासारख्या ठराविक पायऱ्या असतात. इलेक्ट्रॉनच्या खालच्या अवस्थेत एक जिना आणि वरच्या अवस्थेत दुसरा. इलेक्ट्रॉन वर जाताना रेणू वरच्या जिन्याच्या कुठल्याही पायरीवर उतरू शकतो, आणि प्रत्येक पायरीचा एक दात उमटतो. दातांची जागा एवढ्यावरून समजते. पण काही दात उंच, काही बुटके आणि काही अजिबात नाहीत, हे का? माझा जीव या प्रश्नात अडकलेला आहे.

आधी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांकने 1925 च्या सुमारास ग्योटिंगेनमध्ये मांडलेला विचार पाहू. इलेक्ट्रॉन हलका, आयोडीनचा अणू त्याच्या दोन लाखांहून अधिक पट जड. इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलायला 10⁻¹⁵ सेकंदाच्या घरातला वेळ लागतो. आयोडीनच्या बंधाचं एक कंपन पुरं व्हायला त्याच्या दीडशे पट वेळ लागतो. म्हणून इलेक्ट्रॉन उडी मारतो तेव्हा दोन्ही अणू जिथल्या तिथे असतात. बंधाची लांबी उडीच्या आधी होती तीच उडीनंतरच्या पहिल्या क्षणी असते.

आता आयोडीनचे आकडे घ्या. खालच्या अवस्थेत बंधाची आवडती लांबी 266.6 पिकोमीटर. प्रकाश शोषून रेणू ज्या वरच्या अवस्थेत जातो तिथे बंध ढिला होतो आणि आवडती लांबी 302.4 पिकोमीटर होते. फरक जवळपास 36 पिकोमीटर. म्हणजे वर पोहोचलेल्या रेणूचा बंध त्या क्षणी चांगलाच आखडलेला असतो, ताण देऊन धरलेल्या झोपाळ्यासारखा. तो सोडला की जोरात झुलणार, म्हणजेच रेणू वरच्या जिन्याच्या बऱ्याच उंच पायरीवर असणार.

फ्रांकचं हे चित्र बरोबर होतं, पण त्यातून प्रत्येक दाताची उंची काढता येत नव्हती. त्याच सुमारास हेर्था स्पोनर ही फ्रांकची सहकारी ग्योटिंगेनहून अमेरिकेत बर्कलीला गेली होती. फ्रांकच्या लेखाची छापून यायची प्रत तिने तिथल्या एडवर्ड कॉन्डन या तरुण विद्यार्थ्याला दाखवली. कॉन्डनने त्या कल्पनेला गणिताचं रूप दिलं आणि 1928 मध्ये नव्या पुंजयामिकीच्या भाषेत ती पुन्हा नीट मांडली. आज तिला फ्रांक-कॉन्डन तत्त्व म्हणतात.

पुंजयामिकीत बंधाची लांबी म्हणजे एक नेमका आकडा नसतो. प्रत्येक पायरीला एक तरंगफल असतं आणि कुठली लांबी किती संभाव्य आहे हे ते सांगतं. कॉन्डनचं म्हणणं थोडक्यात असं: खालच्या पायरीचं तरंगफल आणि वरच्या पायरीचं तरंगफल एकमेकांवर ठेवा, प्रत्येक लांबीला दोघांचा गुणाकार करा, सगळे गुणाकार मिळवा आणि आलेल्या बेरजेचा वर्ग करा. दाताची उंची मुख्यतः या ओव्हरलॅपवर ठरते.

खालच्या जिन्याच्या तळपायरीचं तरंगफल म्हणजे एकच घंटेसारखा उंचवटा. आयोडीनसाठी मी त्याची रुंदी काढली: मधल्या लांबीपासून दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन पिकोमीटर. अणू जड असल्यामुळे उंचवटा इतका अरुंद. वरच्या जिन्याची तळपायरीही तशीच एक घंटा, जराशी रुंद, साधारण साडेचार पिकोमीटरची. पण ती 36 पिकोमीटर दूर उभी आहे. साडेतीन आणि साडेचार रुंदीच्या दोन घंटा 36 अंतरावर ठेवल्या तर त्यांच्या शेपट्यासुद्धा जेमतेम भेटतात. बेरीज करून वर्ग केला की उत्तर अब्जांशांच्या घरात येतं. 636 नॅनोमीटरजवळ, तळापासून तळापर्यंतच्या उडीचा पहिला दात असायला हवा. तो नियमाने वर्ज्य नाही, फक्त इतका बुटका आहे की आपल्या नळीत तो कधीच दिसणार नाही.

आता वर चढत जा. तळपायरीला शून्य क्रमांक देऊन मोजलं तर विसाव्या, तिसाव्या पायरीचं तरंगफल म्हणजे लाटांची माळ. तिसाव्या पायरीला एकतीस लाटा, एक धन, एक ऋण, पुन्हा धन. या सगळ्या लाटा सारख्या नसतात. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि मधून सपकन जातो, म्हणून तो टोकांजवळ अधिक वेळ असतो. तरंगफलाचंही तसंच आहे. मधल्या लाटा अरुंद आणि ठेंगण्या, टोकांच्या लाटा रुंद आणि उंच. पायरी जितकी वरची, तितकं डावं टोक, म्हणजे आखडलेल्या बंधाचं टोक, आणखी डावीकडे सरकतं. सरकत सरकत ते 267 पिकोमीटरजवळ येतं आणि तिथे आपली खालची घंटा उभीच आहे. साधारण पंचविसाव्या ते पस्तिसाव्या पायरीच्या दरम्यान ही उंच लाट घंटेवर छान बसते. ओव्हरलॅप भरघोस, दात उंच. हे दात हिरव्या रंगात पडतात. हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला निळा-तांबडा आपल्याला जांभळा दिसतो. आयोडीनच्या वाफेचा रंग हा असा दोन बंधांच्या लांबीतल्या फरकातून आलेला आहे.

त्याहून वर गेलं की दात पुन्हा उतरू लागतात. कारण वरच्या पायऱ्यांवर बंध उजवीकडे खूप लांबवर ताणला जातो, तरंगफल तिकडे पसरतं आणि डाव्या टोकाच्या वाट्याला थोडंच उरतं.

पायऱ्याही एकसारख्या नसतात, वर जाताना त्या दाट होतात. 541.2, 539.0 आणि 536.9 नॅनोमीटरवरचे तीन शेजारी दात घ्या. हे 27, 28 आणि 29 क्रमांकाच्या पायऱ्यांचे. तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा मावतात या मापात, मांडले तर अनुक्रमे 18477, 18553 आणि 18625 प्रति सेंटिमीटर. पहिलं अंतर सुमारे 75, दुसरं सुमारे 73. वरच्या जिन्याच्या तळाशी हेच अंतर 124 च्या आसपास असतं. मात्र इथे सांभाळून. तरंगलांबी वाचताना 0.1 नॅनोमीटरची चूक झाली तर तरंगसंख्या साडेतीनने बदलते, म्हणजे 75 आणि 73 मधला फरक वाचनाच्या चुकीतच बुडतो. म्हणून दोन-तीन दातांवर निष्कर्ष काढू नये. वीस-पंचवीस दातांची अंतरं मांडली की उतार स्वच्छ दिसतो. अंतर शून्यावर येतं तिथे बंध तुटतो, साधारण 499 नॅनोमीटरला. त्यापलीकडे दात नाहीत, सलग शोषण आहे. उतारावरून बंधाची ताकद काढायची ही रीत रेमंड बर्ज आणि हेर्था स्पोनर यांची, 1926 सालची.

वाफेच्या आलेखात आणखी एक गुंता असतो. 25 अंश सेल्सिअसला सगळे रेणू खालच्या जिन्याच्या तळपायरीवर नसतात. साधारण 64 टक्के तळाला, 23 टक्के पहिल्या पायरीवर आणि 8 टक्के दुसऱ्या पायरीवर. त्यामुळे दातांच्या दोन-तीन माळा एकमेकींत मिसळतात, विशेषतः 540 नॅनोमीटरच्या पुढे. ओळखायचं कसं? नळी थोडी अधिक तापवा. वरच्या पायऱ्यांवरून निघालेले दात तळावरच्या दातांच्या तुलनेत वाढतात. शिवाय पहिल्या पायरीच्या तरंगफलात मध्ये एक शून्य असतं, एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण. या माळेतले दात चढतात, मध्येच जवळजवळ नाहीसे होतात आणि पुन्हा चढतात. डोळ्याला कधीच न दिसणारं तरंगफलाचं शून्य कागदावर खळगा होऊन उमटतं. इतक्या वर्षांनंतरही तो खळगा पाहिला की मी हरखतो.

म्हणूनच "तुमची स्पंदनं उंचावा", "क्वांटम कंपनांनी शरीर शुद्ध करा" असली पत्रकं वाचली की मला राग येतो. रेणूच्या कंपनाला पायरी असते, अंतर असतं आणि ते मोजता येतं. आयोडीनच्या खालच्या जिन्याच्या तळाशी ते 213 प्रति सेंटिमीटर आहे. ज्या स्पंदनाचा आकडा सांगता येत नाही आणि मोजायची रीतही सांगता येत नाही, त्याला हा शब्द लावून लोकांकडून पैसे घेणं ही फसवणूक आहे.

शेवटचा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतोच. पहिले बरेच दात दिसतच नाहीत, मग 541.2 चा दात सत्ताविसावा हे मोजलं कुठून? शंका रास्त आहे, कारण तज्ज्ञांचीही इथे चूक झाली होती. कित्येक वर्षं त्याला 28 म्हटलं जात होतं. 1965 मध्ये नव्या मोजमापांनंतर सगळे क्रमांक एकाने खाली आणावे लागले. क्रमांक तपासायचा एक मार्ग असा: आयोडीनचा जड समस्थानिक घेतला तर बंध तोच राहतो पण पायऱ्या किंचित जवळ येतात, आणि दात किती सरकला हे तो तळापासून कितवा आहे यावर अवलंबून असतं. दुसरा मार्ग ओव्हरलॅपचाच. रेणूला एका ठरलेल्या वरच्या पायरीवर नेऊन तो खाली येताना सोडत असलेला प्रकाश मोजायचा. खालच्या कुठल्या पायऱ्यांवरचे दात उंच आणि कुठले बुटके, हा नमुना 27 साठी वेगळा आणि 28 साठी वेगळा येतो. दोन्ही क्रमांक धरून गणित करायचं आणि निरीक्षणाशी कुठलं जुळतं ते पाहायचं.