फील्डची तार सुटली की शंट मोटर का उधळते?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका जुन्या वर्कशॉपमध्ये काही वर्षांपूर्वी मी एक डीसी शंट मोटर तपासण्यासाठी गेलो होतो. पट्टा उतरवलेला असल्यामुळे मोटर रिकामीच फिरत होती आणि तिचा एकसुरी घुमार ऐकू येत होता. मोटरचा चुंबक तयार करणारे वेटोळे म्हणजे फील्ड. त्याचा प्रवाह कमीजास्त करणाऱ्या रिओस्टॅटची मूठ कोणीतरी फिरवली, तसा हा आवाज चढू लागला आणि बघता बघता शिट्टीसारखा झाला. वायरमनने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. रिओस्टॅटचा सरकता संपर्क झिजून तारेपासून सुटला होता, म्हणजेच फील्डचा मार्ग तुटला होता.

ज्या चुंबकाच्या जोरावर मोटर फिरते तो चुंबकच नाहीसा झाला, तर ती थांबायला हवी असे कोणालाही वाटेल. ती उलट वेग का घेते, हे समजण्यासाठी मोटरचा वेग मुळात कशामुळे आवरलेला असतो ते पाहावे लागते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, तारांमध्ये पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब निर्माण होतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. हा दाब वेगाच्या आणि चुंबकीय प्रवाहाच्या गुणाकारावर अवलंबून असतो. पुरवठ्याच्या दाबातून तो वजा केल्यावर जे थोडेसे उरते, तेवढ्याच दाबाने आर्मेचरमध्ये विद्युतप्रवाह वाहतो.

२२० व्होल्टची, ०.५ ओहम आर्मेचर रोधाची एक मोटर घेऊ. पूर्ण भाराला ती २० अँपिअर घेते आणि मिनिटाला १५०० फेरे फिरते. पट्टा काढल्यावर तिला २ अँपिअर पुरतात. तेव्हा बॅक ईएमएफ २१९ व्होल्ट आणि वेग सुमारे १५६० फेरे असतो. आता चुंबकीय प्रवाह एकाएकी एक पंचमांशाने घटला असे समजू. वेग तत्क्षणी बदलत नसल्यामुळे बॅक ईएमएफ १७५ व्होल्टवर येतो, उरलेले ४५ व्होल्ट आर्मेचरवर पडतात आणि प्रवाह २ वरून ९० अँपिअरवर उसळतो. चुंबक वीस टक्क्यांनी दुबळा झाला, पण प्रवाह पंचेचाळीस पट वाढला. त्यामुळे फिरवणारा जोर छत्तीस पट होतो. हा जादा जोर मोटरला पळवतो, आणि वाढलेल्या वेगाने बॅक ईएमएफ पुन्हा २१९ च्या आसपास येईपर्यंत, म्हणजे सुमारे १९५० फेऱ्यांपर्यंत, पळवतच राहतो.

फील्ड पूर्ण तुटल्यावर लोखंडात फक्त अवशिष्ट चुंबकत्व उरते. ते पाच टक्के धरले, तर हाच हिशोब मिनिटाला २८ हजारांहून अधिक फेरे मागतो. प्रत्यक्षात हवेचा आणि घर्षणाचा विरोध वाढत जातो, म्हणून मोटर तिथवर पोहोचत नाही. शिवाय तिचे आर्मेचर त्याच्या कितीतरी आधी फुटते. अपकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तिप्पट वेगाला ते नऊपट होते. आर्मेचरवर गुंडाळलेले बांधणीचे पट्टे तुटून वेटोळी खाचांतून बाहेर येतात आणि कम्युटेटरच्या पट्ट्या उचकटतात.

मोटर पूर्ण भाराखाली असेल तर चित्र वेगळे दिसते. पाच टक्के चुंबकीय प्रवाहाला आर्मेचर सुमारे ४१९ अँपिअर ओढते, पण जोर जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. मोटर फारशी उधळत नाही, मात्र फ्यूज उडाला नाही तर ती जळते. म्हणूनच रिकामी किंवा हलक्या भाराची मोटर अधिक घातक ठरते. तिथे फ्यूजवर विसंबता येत नाही, कारण लोखंडातला चुंबकीय प्रवाह एका झटक्यात न ओसरता हळूहळू ओसरतो, हलके आर्मेचर तेवढ्यात वेग धरून बॅक ईएमएफ सावरत राहते, आणि विद्युतप्रवाह फ्यूज वितळण्याइतका टिकेलच असे नाही.

तीन टोकांच्या स्टार्टरमध्ये हँडल धरून ठेवणारे वेटोळे फील्डशी एकसरीत जोडलेले असते. फील्ड तुटली की त्याचे चुंबकत्व जाते आणि स्प्रिंग हँडलला मागे ओढून मोटर बंद करते. मात्र वेग वाढवण्यासाठी रिओस्टॅटने फील्डचा प्रवाह बराच कमी केला, तर हे हँडल विनाकारणही सुटते. ही अडचण टाळण्यासाठी चार टोकांच्या स्टार्टरमध्ये ते वेटोळे थेट पुरवठ्यावर जोडतात, आणि त्याच बदलात फील्ड तुटल्यावर मिळणारे संरक्षण निघून जाते. वर्कशॉपमधला स्टार्टर चार टोकांचाच होता.

आम्ही तिथे फील्डमध्ये एक रिले बसवला. फील्डचा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की तो आर्मेचरचा पुरवठा जोडणारा काँटॅक्टर सोडतो. त्याची चाचणी फिरत्या मोटरवर घ्यायची नसते. आर्मेचरच्या तारा सोडून ठेवून केवळ फील्डला पुरवठा द्यायचा, काँटॅक्टर ओढला गेला की फील्डचा स्विच उघडायचा, आणि काँटॅक्टर खट् आवाज करून सुटतो की नाही ते पाहायचे. असा स्विच ठेवताना फील्डला समांतर विसर्जन रोध जोडावाच लागतो, नाहीतर मार्ग उघडताना उठणारा उच्च दाब फील्डच्या वेटोळ्याचे इन्सुलेशन फोडू शकतो.