कॉलेज किंवा ऑफिसचा मेल बंद होण्याआधी

नोकरी सुटली किंवा कॉलेज संपलं की तिथला मेल कधीतरी बंद होणार, हे सगळेच धरून चालतात. त्या मेलवर उघडलेल्या बाकीच्या खात्यांची आठवण मात्र लॉगिन अडल्यावरच होते.

नेहमी दिसणारा प्रकार असा. एका विद्यार्थिनीचं डिझाइनच्या ॲपमधलं खातं कॉलेजच्या मेलवर होतं. मेल बंद झाला तरी लॅपटॉपवर ॲप उघडत होतं, म्हणून ती निश्चिंत होती. सेटिंग्जमध्ये ईमेल बदलायला गेली, तर ॲपने आधी पासवर्ड मागितला. तो आठवेना. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं, तर लिंक गेली त्याच बंद मेलवर.

अशा वेळी लॉगआउट अजिबात करू नका. उघडं असलेलं खातं हाच शेवटचा धागा असतो. आधी ब्राउझरने पासवर्ड साठवलाय का ते पाहा. क्रोममध्ये हा पत्ता टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

तिचा पासवर्ड तिथेच सापडला आणि काम झालं. पण क्रोममध्ये तुम्ही कॉलेजच्याच खात्याने साइन इन केलं असेल, तर साठवलेले पासवर्डही त्या खात्याबरोबर जाऊ शकतात. मेल चालू असतानाच ते दुसरीकडे उतरवून घ्या.

‘गूगलने साइन इन करा’ हे बटण वापरून उघडलेली खाती जास्त अडचणीची. तिथे बहुतेकदा वेगळा पासवर्डच नसतो. दार उघडतं ते कॉलेजचं गूगल खातं. अशा सेवांची यादी myaccount.google.com/connections इथे मिळते. बाकीची खाती शोधायला इनबॉक्समध्ये verify आणि welcome हे शब्द टाका. विसरलेलं बरंच काही वर येतं.

मग प्रत्येक ठिकाणी आधी स्वतंत्र पासवर्ड ठेवा, नंतर ईमेल बदला. क्रम महत्त्वाचा आहे, आणि हे जुना मेल चालू असतानाच करा, कारण बदल पक्का करायची लिंक अनेक सेवा जुन्या मेलवरही पाठवतात. नुसता नवा मेल जोडून थांबू नका, जुना काढून टाका. काही संस्था तोच पत्ता पुढे दुसऱ्याला देतात, आणि मग त्या माणसाला तुमचा पासवर्ड बदलता येतो. शेवटी खाजगी विंडोमध्ये नव्या मेलने लॉगिन करून बघा. तिथे उघडलं, तरच काम झालं असं समजा.

मेल आधीच बंद झाला असेल, तर संस्थेच्या आयटी विभागाला लगेच विनंती करा. गूगल वर्कस्पेसमध्ये काढून टाकलेलं खातं ॲडमिनला २० दिवसांपर्यंत परत आणता येतं, त्यामुळे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. तेही जमलं नाही, तर सेवेच्या मदत विभागाला लिहावं लागतं. पैसे भरलेल्या खात्याची पावती असेल तर मालकी दाखवणं सोपं जातं. फुकट खात्यांबाबत खात्री देता येत नाही, आणि आम्हीही ती देत नाही.