खिम्याचा रस्सा: चरबी ओतून काढल्यास आणि कढईतच ठेवल्यास पडणारा उष्मांकांचा फरक

मटणाचा खिमा परतताना त्यातली चरबी वितळून कढईत उतरते. ती ओतून काढली तर रश्श्याचे उष्मांक (कॅलरी) कमी होतात, कारण एका ग्रॅम चरबीत सुमारे ९ उष्मांक असतात आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये साधारण ४. हिशेब इतका सोपा असूनही बहुतेक जण तो चुकीच्या टप्प्यावर मांडतात.

नाशकात मटण म्हणजे मुख्यतः बोकडाचे. खिम्यात किती चरबी येणार हे दुकानातच ठरते. मांडीचे मांस साफ करून घेतले तर ती फारच थोडी असते. छातीचे किंवा पोटाकडचे तुकडे पडले, किंवा ‘चवीला’ म्हणून वरून चरबी टाकली, तर ती बरीच वाढते.

उदाहरणादाखल चार माणसांसाठी अर्धा किलो खिमा घेऊ आणि त्यात १५ टक्के, म्हणजे ७५ ग्रॅम चरबी व ९० ग्रॅम प्रथिने धरू. मांसाचे उष्मांक सुमारे १०३५ होतात. फोडणीचे तीन मोठे चमचे तेल (सुमारे ४० ग्रॅम) ३६० घालते. वाटणातले ३० ग्रॅम सुके खोबरे २००च्या आसपास, कांदा-टोमॅटो मिळून १००. काळ्या मसाल्याचे दोन चमचे सोडून दिले तरी चालतात. एकूण साधारण १७००, म्हणजे माणशी सव्वाचारशे.

आता हाच खिमा तेलाशिवाय जाड बुडाच्या कढईत परतला आणि सुटलेल्या चरबीपैकी ३५ ग्रॅम ओतून काढली, तर ३१५ उष्मांक जातात. माणशी ते ८०च्या जवळपास पडतात. बाकीची ४० ग्रॅम चरबी मांसाच्या दाण्यांतच अडकून राहते. झाऱ्याने दाबली तरी ती सगळी निघत नाही.

गोंधळ होतो तो ‘शंभर ग्रॅमला किती’ या आकड्याने. कच्च्या खिम्यात शंभर ग्रॅमला २०७ उष्मांक होते. परतताना चरबीबरोबर सुमारे १२५ ग्रॅम पाणीही उडाले, तर कढईत ३४० ग्रॅम खिमा आणि त्यात ७२० उष्मांक उरतात. म्हणजे शंभर ग्रॅमला २१२. चरबी काढूनही आकडा वाढलेला दिसतो, कारण खिमा आटून घट्ट झाला. म्हणून शिजलेला खिमा तोलून त्याला कच्च्या मांसाचा आकडा लावू नये. सगळ्या पातेल्याचे उष्मांक मोजावेत आणि मग वाटण्या कराव्यात.

ओतायची वेळ ओळखता येते. सुरुवातीला खिमा पाणी सोडतो आणि कढईत खदखदतो. तेव्हा ओतले तर चरबीपेक्षा मांसाचा रसच जास्त जातो. पाणी आटले की खदखद थांबते, दाणे मोकळे होऊन बुडाला लागू लागतात आणि स्वच्छ चरबी दिसते. मीठ या टप्प्यानंतर घातलेले बरे, नाहीतर पाणी आटायला वेळ लागतो. मग कढई तिरकी करून चरबी स्टीलच्या वाटीत घ्यावी. थंड झाल्यावर ती वर गोठते आणि उरलेला रस खाली राहतो. गोठलेली चकती तोलून ग्रॅमला ९ ने गुणले की काढलेले उष्मांक कळतात. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत यासाठी फ्रिजही लागत नाही. वितळलेली चरबी मोरीत ओतू नये. ती पाइपातही अशीच गोठते.

आपल्याकडची नेहमीची पद्धत मात्र उलटी आहे: आधी तेलात कांदा, मग वाटण-मसाला, मग खिमा, आणि ‘तेल सुटेपर्यंत’ परतणे. तेव्हा वर येणाऱ्या तर्रीत खिम्याची चरबी, फोडणीचे तेल आणि खोबऱ्याचे तेल एकत्र असते. ती काढली तर उष्मांक कमी होतात, पण मिरचीचा रंग आणि मसाल्याचा वासही तिच्यासोबत जातो, कारण ते तेलातच उतरलेले असतात. चवीसाठी म्हणून आधी ओतणे केव्हाही चांगले. शिवाय वाटण बरीच चरबी धरून ठेवते, त्यामुळे तर्री पूर्णपणे कधीच हाती येत नाही.

चरबी ठेवली तरी ती सगळ्यांच्या ताटात सारखी पडत नाही. पळी वरवर फिरवून तर्री घेणारा आणि भाकरी त्यात कुस्करणारा माणूस तळाचा रस्सा घेणाऱ्यापेक्षा बरेच जास्त उष्मांक खातो. सुक्या खिम्याची चरबी कढईत मागे राहिली तर ती कोणी खाल्लेली नसते, पण त्याच कढईत भात परतला की ती भातातून पोटात जाते.

साफ केलेल्या मांडीच्या खिम्यात ओतण्यासारखे जवळजवळ काहीच सुटत नाही. तिथे फरक पाडते ते फोडणीचे तेल: तीन चमच्यांऐवजी एक घातला तर पातेल्यातून सुमारे २४० उष्मांक कमी होतात.